कड्यावरून नावेचा वेग

समुद्रकड्यावरून नावेकडे पाहताना नजर क्षितिजसमांतर रेषेच्या जितकी खाली झुकते, तो अवनत कोन. डोळ्याची पाण्यापासूनची उंची भागिले या कोनाचा टॅन्जंट, म्हणजे नावेचे कड्यापासूनचे आडवे अंतर.

समजा उंची ६० मीटर आहे. कोन ३० अंश असताना अंतर सुमारे १०३.९ मीटर भरते. वीस सेकंदांनी कोन ४५ अंश झाला, तर अंतर ६० मीटर उरते. नाव ४३.९ मीटर पुढे आली. वेग सेकंदाला सुमारे २.२ मीटर, म्हणजे ताशी जेमतेम ८ किलोमीटर.

खरी अडचण लहान कोनांची. पहिला कोन चुकून २९ अंश वाचला, तर अंतर १०८.२ मीटर येते आणि वेग जवळपास दहा टक्क्यांनी फुगतो. भरती-ओहोटीने उंचीही बदलते. शिवाय नाव तिरकी येत असेल, तर हे उत्तर फक्त कड्याकडे सरकण्याचा वेग सांगते.