एकच कीवर्ड, तीन वेगळे ग्राहक

गुगलवरच्या जाहिरातीसाठी कीवर्ड निवडला, तरी ती कोणाला दिसणार हे तो कीवर्ड कसा टाइप केला यावरही ठरते. नुसता लिहिला तर तो ब्रॉड मॅच होतो, दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिला तर फ्रेज मॅच आणि चौकोनी कंसात लिहिला तर एक्झॅक्ट मॅच.

येवल्यातल्या एका विक्रेत्याने `[पैठणी साडी]` असा कीवर्ड दिला, असे समजू. ‘पैठणी साड्या’ किंवा ‘साडी पैठणी’ असे शोधणाऱ्यालाही ही जाहिरात दिसू शकते. एक्झॅक्ट म्हणजे अक्षरशः तेच शब्द, हा नियम आता राहिलेला नाही. 2018 पासून गुगल त्याच अर्थाचे शोधही यात धरते. तरीही तिन्ही प्रकारांत सर्वांत आखूड जाळे हेच.

`"पैठणी साडी"` लिहिल्यास त्या अर्थाला जोड असलेले शोधही येतात. ‘येवला पैठणी साडी किंमत’ शोधणारा खरा गिऱ्हाईक असतो. पण ‘पैठणी साडी धुलाई’ शोधणाऱ्याकडे पैठणी आधीच असते, आणि जाहिरात त्यालाही दिसू शकते.

`पैठणी साडी` हा ब्रॉड मॅच विषयाशी संबंधित काहीही उचलतो. ‘लग्नासाठी रेशमी साडी’ या शोधात पैठणीचे नाव नसले, तरी जाहिरात दिसू शकते. त्या माणसाने नुकतेच काय शोधले, जाहिरातीमागच्या पानावर काय आहे, शेजारचे कीवर्ड कोणते, हेही गुगल विचारात घेते. नवे ग्राहक इथे सापडतात, पण कांजीवरम हवी असलेलेही क्लिक करतात आणि त्या क्लिकचे पैसे विक्रेत्यालाच भरावे लागतात. काहीच चिन्ह न दिल्यास ब्रॉडच लागू होतो, त्यामुळे नवख्यांचे बजेट बहुधा इथेच गळते.

गळती कळते ती ‘सर्च टर्म्स’ अहवालात. लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केले, ते तिथे दिसते. ‘धुलाई’ सापडली की तो शब्द निगेटिव्ह कीवर्ड म्हणून टाकायचा; मग तो शब्द असलेल्या शोधांवर जाहिरात येत नाही. मात्र नेहमीचा कीवर्ड समानार्थी शब्द आपणहून जोडून घेतो, तसे निगेटिव्ह करत नाही. ‘धुलाई’ अडवली तरी ‘ड्राय क्लीनिंग’ आत येतेच, ते वेगळे टाकावे लागते. शिवाय फारच थोड्यांनी केलेले शोध अहवालात दाखवले जात नाहीत. त्यांचा खर्च फक्त एकूण रकमेत दिसतो. म्हणून बजेट लहान असेल, तर एक्झॅक्ट आणि फ्रेजपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. ब्रॉड शोभतो तो ऑर्डरींची नोंद नीट होऊ लागल्यावर, कारण कोणत्या शोधातून विक्री झाली हे कळले तरच गुगलची स्वयंचलित बोली नेमक्या ग्राहकांकडे वळते.