समोरच्याच्या कपाटातला कागद

वाटणीच्या दाव्यात पक्षकार वकिलाला एक वाक्य हमखास ऐकवतो : "साहेब, सगळे कागद त्याच्याकडेच आहेत, मी पुरावा आणू कुठून?" तक्रार खरी असते. ज्याच्या हाती दुकान, त्याच्याच हाती दुकानाच्या वह्या आणि बँकेची पासबुके. पण कागद समोरच्याच्या कपाटात आहेत म्हणून दावा हरायलाच हवा, असे कायदा मानत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला अकरावा आदेश अशाच प्रसंगासाठी आहे. न्यायालयाच्या मदतीने समोरच्याला त्याच्याजवळचे कागद शपथेवर जाहीर करायला, ते दाखवायला आणि लेखी प्रश्नांची उत्तरे द्यायला कसे भाग पाडायचे, याची पद्धत त्यात ठरवून दिलेली आहे.

ती समजून घेण्यासाठी एक काल्पनिक दावा घेऊ. तालुक्याच्या गावी एका एकत्र कुटुंबाचे किराणा दुकान. वडील २०१२ मध्ये वारले. बहिणीने भावावर वाटपाचा दावा लावला. तिचे म्हणणे असे, की १९९६ मध्ये भावाच्या नावावर घेतलेला प्लॉट दुकानाच्याच पैशातून घेतला, म्हणून त्यात तिचाही हिस्सा आहे. भावाने कैफियतीत दोन गोष्टी मांडल्या. प्लॉट स्वतःच्या कमाईचा आहे, आणि वडिलांनीच २००३ मध्ये स्टॅम्पपेपरवर तसे लिहून दिले आहे. त्या लेखाची झेरॉक्स त्याने कैफियतीसोबत जोडली. बहिणीच्या हाती प्लॉटच्या खरेदीखताची नक्कल आणि वारसाची नोंद, एवढेच.

आधी मूळ कागद डोळ्यांनी पाहा

बहिणीने सर्वांत आधी करायचे काम साधे आहे आणि त्यासाठी न्यायालयाचा हुकूमही लागत नाही. समोरच्याने वादपत्रात, कैफियतीत किंवा प्रतिज्ञापत्रात एखाद्या कागदाचा उल्लेख केला, की तो पाहण्याची आणि त्याची नक्कल घेण्याची नोटीस आपण थेट देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांत त्याने उत्तर द्यायचे आणि त्यापुढच्या तीन दिवसांत कागद पाहण्याची वेळ ठरवून द्यायची. ठिकाण सहसा त्याच्या वकिलाचे कार्यालय असते. हिशेबाच्या चालू वह्या असतील, तर त्या जिथे नेहमी ठेवल्या जातात तिथे जाऊन पाहता येतात.

भावाने कागद दाखवायला नकार दिला, तर तो कागद पुढे त्याला स्वतःच्या बाजूने पुराव्यात वापरता येत नाही. याला अपवाद आहे. तो प्रतिवादी असून कागद केवळ त्याच्या स्वतःच्या मालकीहक्कापुरता आहे, किंवा न दाखवण्यामागे सबळ कारण होते, हे त्याने न्यायालयाला पटवून दिले तर गोष्ट वेगळी. बहिणीला मात्र 'दाखवत नाही' एवढ्यावर थांबण्याची गरज नाही. तिला तपासणीचा हुकूम न्यायालयाकडून मागता येतो.

झेरॉक्स हाती असताना मूळ कागद पाहण्याचा एवढा आग्रह कशासाठी? कारण झेरॉक्स बहुधा पुढच्या बाजूचीच असते. स्टॅम्प उलटून पाहिला, की मागे मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, विक्रीची तारीख आणि घेणाऱ्याचे नाव दिसते. आपल्या दाव्यात समजा मागच्या बाजूला विक्रीची तारीख २०१३ मधली निघाली. वडील २०१२ मध्ये गेलेले, आणि लेख म्हणतो २००३ मध्ये लिहून दिला. विक्रीची नोंद खरी असेल, तर जो कागद विकलाच गेला नव्हता त्यावर वडील सही कशी करणार? एवढ्या एका ओळीने दाव्याचा रंग बदलतो. ती ओळ मिळते ती पान उलटणाऱ्याला. म्हणून तपासणीला जाताना दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत, नोटरीचा नोंद क्रमांक असेल तर उतरवून घ्यावा आणि कोणते कागद पाहिले याचे टिपण तिथल्या तिथे करून ठेवावे.

मग सगळ्या कागदांची यादी, शपथेवर

कैफियतीत भावाने न सांगितलेले कागद हा याहून अवघड भाग. दुकानाची १९९५-९६ ची रोजकीर्द आणि खतावणी, त्या वर्षाचे बँक खाते, प्राप्तिकराचे विवरणपत्र. यांचा त्याने कुठे उल्लेखच केलेला नाही. यासाठी बाराव्या नियमाखाली न्यायालयाकडे अर्ज करायचा : दाव्यातल्या वादविषयाशी संबंधित जे जे कागद भावाच्या ताब्यात किंवा अधिकारात आहेत, ते त्याने शपथेवर जाहीर करावेत. या अर्जासोबत आपले प्रतिज्ञापत्र जोडण्याचीही सक्ती नाही.

'अधिकारात' हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. वह्या करसल्लागाराच्या कार्यालयात पडून असल्या, पण भाऊ हवे तेव्हा त्या परत मागू शकत असला, तर त्या त्याच्या अधिकारात आहेत. 'माझ्या घरात नाहीत' हे उत्तर पुरत नाही.

न्यायालयाने हुकूम केला, की भावाला ठरावीक नमुन्यात प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात कागदांचे तीन गट असतात. जवळ असलेले आणि दाखवायला तयार असलेले. जवळ असलेले, पण दाखवायला हरकत असलेले, आणि हरकत का ते. तिसरा गट पूर्वी जवळ होते, पण आता नाहीत अशा कागदांचा. ते शेवटचे कधी जवळ होते आणि त्यांचे काय झाले, हेही तिथे सांगावे लागते. तोंडी बोलताना 'वह्या पावसात भिजल्या, रद्दीत दिल्या' असे म्हणणे सोपे असते. कोणत्या वर्षी, कोणी, कुठे दिल्या, हे शपथेवर लिहिताना हात अडखळतो. पुढे उलटतपासणीत ते लिखाण त्याच्यासमोर धरता येते.

कागद पुराव्यात ग्राह्य ठरेल की नाही, हा प्रश्न या टप्प्यावर निर्णायक नसतो. वादाच्या विषयावर प्रकाश पडण्याची शक्यता पुरेशी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये एम. एल. सेठी विरुद्ध आर. पी. कपूर या प्रकरणात म्हटले आहे. पण म्हणून वाटेल ते मागता येत नाही. 'भावाचे गेल्या तीस वर्षांचे सर्व कागद' असा अर्ज केला, तर न्यायालय त्याला अंधारात जाळे टाकणे समजते आणि अर्ज फेटाळते. '१ एप्रिल १९९५ ते ३१ मार्च १९९७ या काळातली दुकानाची रोजकीर्द, खतावणी आणि बँक पासबुक' असे मागितले, तर नाही म्हणणे कठीण जाते.

वकिलाशी सल्ल्यासाठी झालेला पत्रव्यवहार सहसा मागता येत नाही. त्याला कायद्याचे संरक्षण आहे. पण एखाद्या कागदावर असा हक्क सांगितला, तर तो खरा आहे का हे ठरवण्यासाठी न्यायाधीश स्वतः तो कागद पाहू शकतात.

कागद बँकेसारख्या तिऱ्हाइताकडे असतील, तर अकरावा आदेश उपयोगाचा नाही. तिथे न्यायालयाकडून समन्स काढून तो कागद हजर करण्यास सांगावे लागते.

नेमके प्रश्न

तिसरे साधन लेखी प्रश्नांचे. कोर्टाच्या भाषेत त्याला इंटरॉगेटरीज म्हणतात. हे प्रश्न न्यायालयाच्या परवानगीनेच पाठवता येतात. प्रश्नांचा मसुदा अर्जासोबत द्यावा लागतो आणि त्या अर्जावर न्यायालयाने सात दिवसांत निर्णय द्यावा, असे नियम सांगतो. उत्तरे प्रतिज्ञापत्रावर, दहा दिवसांत किंवा न्यायालय देईल त्या मुदतीत द्यायची असतात.

आपल्या दाव्यातले चांगले प्रश्न असे असतील : प्लॉटची किंमत कोणत्या दिवशी, रोखीने की चेकने दिली? चेकने दिली असल्यास खाते कोणत्या बँकेत आणि कोणाच्या नावावर होते? १९९६ मध्ये दुकानाखेरीज आपले उत्पन्नाचे दुसरे साधन कोणते होते? त्या वर्षी आपण प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले होते का? प्रत्येक प्रश्नाला एकच वस्तुस्थिती, आणि ती भावाला ठाऊक असलेली.

'आपण बहिणीला फसवले हे खरे आहे ना?' हा प्रश्न टिकणार नाही. 'आपले साक्षीदार कोण?' हाही नाही, कारण समोरच्याचा पुरावा आधीच काढून घेण्यासाठी हे साधन नाही. केवळ त्याची पत तपासणारे प्रश्न उलटतपासणीत विचारायचे असतात. ज्या गोष्टी आपल्या बाजूला बळकटी देतात किंवा त्याच्या म्हणण्याला छेद देतात, तेवढ्याच इथे विचाराव्यात. अनावश्यक प्रश्नांचा खर्च विचारणाऱ्यावर बसू शकतो.

उत्तर 'आठवत नाही' असे गोलमोल आले, तर सविस्तर उत्तराचा हुकूम मागता येतो. आणि आलेल्या उत्तरांपैकी आपल्याला हवी तेवढीच पुराव्यात वापरता येतात. मात्र एखादे उत्तर दुसऱ्याशी इतके जोडलेले असेल की एकट्याने अर्थ बदलेल, तर न्यायालय तेही सोबत घ्यायला सांगू शकते.

हुकूम मोडला तर

एकविसाव्या नियमात शिक्षा कडक आहे. वादीने हुकूम पाळला नाही, तर दावा काढून टाकता येतो आणि त्याच कारणावरून नवा दावाही लावता येत नाही. प्रतिवादीने पाळला नाही, तर त्याचा बचाव रद्द होऊ शकतो. पण हे हत्यार न्यायालय सहज उचलत नाही. बब्बर सोइंग मशीन कंपनी विरुद्ध त्रिलोकनाथ महाजन या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हुकूम जाणूनबुजून, हट्टाने धुडकावला असेल तेव्हाच हा उपाय वापरावा.

त्यामुळे रोजच्या व्यवहारात जास्त परिणाम होतो तो दुसऱ्या गोष्टीचा. जो पुरावा हाती असून लपवतो, त्याच्या विरुद्ध न्यायालय अनुमान काढू शकते. कल्याणजवळच्या हाजी मलंग दर्ग्याच्या व्यवस्थापनाशी संबंधित गोपाळ कृष्णाजी केतकर विरुद्ध मोहम्मद हाजी लतीफ या खटल्यात वाद एका प्लॉटचा होता : तो केतकरांचा स्वतःचा की दर्ग्याचा? दर्ग्याच्या उत्पन्नाचा हिशेब वेगळा ठेवला जातो, हे केतकरांनी मान्य केले होते. पण प्लॉटच्या उत्पन्नाचे काय केले हे दाखवणारा कोणताही हिशेब त्यांनी हजर केला नाही. सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर नव्हती, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. जबाबदारी कोणाचीही असो, महत्त्वाचा पुरावा हाती असून दिला नाही तर तो विरुद्ध गेला असता, असे न्यायालय मानू शकते. आपल्या दाव्यातला भाऊ दुकानाच्या वह्या देत नसेल, तर बहिणीच्या वकिलाने अंतिम युक्तिवादात हाच निकाल पुढे ठेवावा. आणि वह्या नेमक्या शब्दांत मागितल्याचा अर्ज रेकॉर्डवर असेल, तर त्या युक्तिवादाला धार येते.

तीन लाख रुपये किंवा त्याहून जास्त मूल्याच्या व्यापारी वादांमध्ये २०१५ च्या व्यापारी न्यायालये कायद्याने हेच आणखी पुढे नेले आहे. तिथे दोन्ही बाजूंनी मागणीची वाट न पाहता, स्वतःच्या विरुद्ध जाणारे कागदसुद्धा सुरुवातीलाच जाहीर करायचे असतात. जमीन-घराच्या कौटुंबिक वाटणीत मात्र मागितल्याशिवाय काही मिळत नाही.

म्हणून तुमचा दावा चालू असेल, तर समोरच्याची कैफियत आली त्याच आठवड्यात वकिलांसोबत बसा. तिच्यात उल्लेख आलेल्या प्रत्येक कागदाची यादी काढा आणि तपासणीची नोटीस पाठवा. न आलेले कागद तारखांसह लिहून काढा आणि अर्ज करा. हे सारे साक्षीपुरावा सुरू होण्यापूर्वी व्हायला हवे. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिल्यावर अर्ज केला, तर 'इतके दिवस काय करत होता?' हा न्यायालयाचा पहिला प्रश्न असेल, आणि त्याला तुमच्याकडे उत्तर नसेल.