सेझमधील करमाफीचे आजचे मोल

विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे सेझमध्ये, कारखाना काढणाऱ्या कंपनीला भारत सरकारने दिलेली सर्वांत मोठी सवलत आयकराची होती. सेझचा कायदा २००५ सालचा असून तो १० फेब्रुवारी २००६ रोजी लागू झाला. त्याला जोडून आयकर कायद्यात कलम १०एए आले. उत्पादन किंवा सेवा सुरू झाल्यापासून पहिली पाच वर्षे निर्यातीतून झालेल्या नफ्यावर कर नाही. पुढची पाच वर्षे अर्ध्या नफ्यावर कर नाही. त्यानंतरच्या पाच वर्षांत नफ्याचा जास्तीत जास्त निम्मा भाग वेगळ्या राखीव खात्यात टाकून नव्या यंत्रांवर खर्च केला, तर तेवढ्यावर सूट. अशी ही पंधरा वर्षांची योजना. मुंबईतील सीप्झपासून हिंजवडी आणि नागपूरच्या मिहानपर्यंत अनेक उद्योगांनी गुंतवणुकीची गणिते तिच्यावर मांडली.

त्या गणितात निर्णायक आकडा असतो निव्वळ वर्तमान मूल्याचा. व्यवहारात त्याला एनपीव्ही म्हणतात. पुढच्या वर्षांत हाती येणारी रक्कम आजच्या किमतीत आणायची, तिची बेरीज करायची आणि त्यातून आजची गुंतवणूक वजा करायची. उरलेला आकडा शून्याहून जास्त असेल तर प्रकल्प घ्यावा, कमी असेल तर सोडावा. भांडवलावर वर्षाला १२ टक्के परतावा हवा असेल, तर एका वर्षाने मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत सुमारे ८९ रुपये होते, पाच वर्षांनी मिळणाऱ्या शंभरांची ५७ आणि दहा वर्षांनी मिळणाऱ्यांची अवघी ३२.

या घसरणीमुळेच करमाफी सुरुवातीच्या वर्षांत मिळणे महत्त्वाचे ठरते. एक काल्पनिक कारखाना घेऊ. यंत्रांवर आज १०० कोटी रुपये खर्च होतात. मालाची सगळी विक्री निर्यातीत होते आणि खर्च वजा जाता दरवर्षी २० कोटी रोख उरतात, दहा वर्षे. यंत्रांचा घसारा वर्षाला १० कोटी धरला, म्हणजे करपात्र नफा १० कोटी. आयकर कायद्यात घसारा घटत्या मूल्यावर काढतात, पण हिशेब सोपा राहावा म्हणून येथे तो सारखा धरला आहे. अधिभार आणि उपकर बाजूला ठेवून कराचा दर ३० टक्के धरला, तर कर दरवर्षी ३ कोटी आणि हातात १७ कोटी. दहा वर्षांच्या १७ कोटींची १२ टक्क्यांनी काढलेली आजची किंमत ९६ कोटी भरते. गुंतवणूक १०० कोटींची, म्हणून एनपीव्ही उणे ४ कोटी. सवलत नसेल तर हा कारखाना उभारू नये, असे गणित सांगते.

आता करमाफी लावून पाहू. पहिल्या पाच वर्षांत दरवर्षी ३ कोटी वाचतात, पुढच्या पाच वर्षांत दीड कोटी. रुपयांत मोजली तर एकूण बचत साडेबावीस कोटींची. आजच्या किमतीत ती १३.९ कोटी होते, आणि त्यांतले १०.८ कोटी पहिल्या पाच वर्षांतून येतात. एनपीव्ही उणे ४ वरून अधिक ९.९ कोटींवर जाते. सोडून देण्याजोगा प्रकल्प घेण्याजोगा झाला. हीच सूट उलट क्रमाने, म्हणजे आधी निम्मी आणि मग पूर्ण, दिली असती तर सरकारने सोडलेला कर तोच राहिला असता, पण उद्योगाच्या हिशेबात तिची किंमत ११.५ कोटीच भरली असती.

या हिशेबात एक चूक नेहमी होते. काही आराखड्यांत वाचणारा कर रोख मिळकतीवर काढतात: २० कोटींचे ३० टक्के, म्हणजे ६ कोटी. खरे तर कर नफ्यावर बसतो आणि नफा घसारा वजा करून ठरतो. सवलत नसती तरी ३ कोटीच भरावे लागले असते, म्हणून वाचले तेही ३ कोटीच. आराखड्यात पहिल्या पाच वर्षांची बचत रोख मिळकतीला थेट ३० टक्क्यांनी गुणून आलेली दिसली, की एनपीव्ही फुगलेली आहे असे खुशाल समजावे.

घसाऱ्याची गोष्ट याहून खोल जाते. सामान्य कारखान्यात घसारा ही करापासूनची ढाल असते: १० कोटींचा घसारा ३ कोटींचा कर वाचवतो. करमाफीच्या वर्षांत वाचवायला करच नसतो. तरी घसारा दरवर्षी वजा धरला जातो आणि यंत्रांचे हिशेबी मूल्य उतरत राहते. तो मागे ठेवून कर सुरू झाल्यावर वापरता येत नाही. कायद्यातील १५ टक्क्यांच्या घटत्या दराने शंभर कोटींच्या यंत्रांवरचा सुमारे ५६ कोटींचा घसारा पहिल्या पाच वर्षांतच संपतो, नेमका ज्या वर्षांत त्याचा काही उपयोग नाही. पुढे कर लागू होतो तेव्हा वजावट थोडी उरलेली असते आणि करपात्र नफा मोठा दिसतो. म्हणून जलद घसारा, जो एरवी उद्योगाला फायद्याचा, तो करमाफीच्या सोबतीने आला तर बराचसा वाया जातो.

कर्जावरच्या व्याजाचेही तसेच आहे. १० टक्के व्याजाचे कर्ज करदात्या कंपनीला कर वाचल्यामुळे ७ टक्क्यांना पडते. करमाफीच्या काळात ते पूर्ण १० टक्क्यांनाच पडते. भांडवलात ६० टक्के कर्ज आणि ४० टक्के भागभांडवल असेल आणि भागधारकांना १६ टक्के परतावा हवा असेल, तर भांडवलाचा सरासरी खर्च कर असताना १०.६ टक्के आणि करमाफीत १२.४ टक्के येतो. वाचलेला कर मिळकतीत धरायचा आणि वटावाचा दर मात्र कर भरणाऱ्या कंपनीचा वापरायचा, असा दुहेरी लाभ घेणारे आराखडे करमाफीची किंमत वाढवून दाखवतात.

मात्र करमाफीची सगळ्यात मोठी मर्यादा या बारकाव्यांत नाही, ती नफ्याच्या वेळेत आहे. वरच्याच कारखान्याला ग्राहक हळूहळू मिळाले असे समजा. पहिल्या वर्षी रोख मिळकत ५ कोटी, मग १०, मग १५, चौथ्या आणि पाचव्या वर्षी २०, आणि त्यानंतर वाढत वाढत २८ कोटी. दहा वर्षांची बेरीज तीच, २०० कोटी. पण पहिल्या वर्षी घसारा धरून ५ कोटींचा तोटा होतो, दुसऱ्या वर्षी नफा शून्य, आणि तिसऱ्या वर्षीचा ५ कोटींचा नफा जुन्या तोट्यात वळता होतो. सवलत नसती तरी या तीन वर्षांत कर शून्यच होता. म्हणजे पूर्ण करमाफीची पाचपैकी तीन वर्षे काही न वाचवता निघून गेली. करमाफीची आजची किंमत १३.९ कोटींवरून ८.४ कोटींवर येते आणि ती मिळूनही एनपीव्ही उणे ५.२ कोटी राहते. घड्याळ सुरू होते ते उत्पादन सुरू झालेल्या वर्षी, नफा सुरू झालेल्या वर्षी नाही. म्हणूनच पहिल्या वर्षापासून नफ्यात येणाऱ्या सॉफ्टवेअर सेवेला ही सवलत जितकी लाभली, तितकी अवजड यंत्रांच्या आणि सावकाश रुळणाऱ्या कारखान्याला लाभणे अवघड होते. कारखान्यांना आणि रोजगाराला चालना हा हेतू असलेल्या योजनेत हा दोष बारीक म्हणता येणार नाही.

२०११ च्या अर्थसंकल्पाने या गणितात आणखी एक आकडा आणला: किमान पर्यायी कर, म्हणजे मॅट. तोपर्यंत सेझला त्यातून सूट होती. त्यानंतर कंपनीच्या हिशेबवहीतील नफ्यावर १८.५ टक्के कर, करमाफी असो वा नसो, भरावाच लागू लागला. वहीतला नफाही १० कोटीच धरला, तर उदाहरणातल्या कारखान्याला पहिल्या पाच वर्षांत दरवर्षी १.८५ कोटी द्यावे लागतात. पुढच्या पाच वर्षांत अर्ध्या सवलतीनंतरचा नियमित कर दीड कोटी, पण मॅट त्याहून जास्त, म्हणून तेव्हाही १.८५ कोटीच. एनपीव्ही ९.९ वरून अडीच कोटींवर उतरते. जास्त भरलेला मॅट पुढच्या वर्षांत नियमित करातून वळता करून घेता येतो हे खरे, पण त्यासाठी नियमित कर मॅटपेक्षा जास्त असावा लागतो. या दहा वर्षांत ती वेळ येतच नाही. कंपनीचा दुसरा करपात्र धंदा नसेल, तर ते येणे कागदावरच राहते. सेझमधल्या गुंतवणूकदारांना ही सुधारणा का झोंबली, ते या एका आकड्यावरून कळते. आधीच्या नियमांवर विसंबून ज्यांनी यंत्रे बसवली होती, त्यांच्या हिशेबातला तीन चतुर्थांश नफा मधल्या वाटेत गेला.

सवलत हातात पडण्याच्या अटीही हिशेबात धराव्या लागतात. सूट निर्यातीच्या प्रमाणातच मिळते: विक्रीचा २० टक्के भाग देशात झाला, तर नफ्याच्या ८० टक्क्यांनाच करमाफी. जुना धंदा तोडून किंवा वापरलेली यंत्रे हलवून युनिट उभारले तर सूट नाकारली जाते. जुन्या यंत्रांचे मूल्य एकूण यंत्रांच्या २० टक्क्यांपर्यंतच चालते. ही मर्यादा ओलांडली गेल्याचे कर आकारणीच्या वेळी उघड झाले, तर सवलतीवर उभी असलेली एनपीव्ही मागे जाऊन उणे होते.

नव्या युनिटांसाठी कलम १०एए चे दार ३१ मार्च २०२० ला बंद झाले. आधीच मंजुरी मिळालेल्यांना करोनाकाळात थोडी मुदतवाढ मिळाली, एवढेच. त्याच सुमारास, २०१९ मध्ये, सरकारने कंपन्यांना २२ टक्के दराचा पर्याय दिला. तो घेतला की करमाफी जाते, साठलेले मॅटचे येणे जाते, आणि मॅटही लागत नाही. हा पर्याय न घेणाऱ्यांसाठी मॅटचा दर १५ टक्क्यांवर आला. उदाहरणातल्या कारखान्याने सुरुवातीपासून २२ टक्के दर घेतला तर एनपीव्ही जेमतेम ०.६ कोटी होते. १५ टक्के मॅटसह करमाफीत राहिला तर साडेचार कोटी. २०१९-२० मध्ये सुरू झालेल्या युनिटची पूर्ण माफीची वर्षे २०२३-२४ ला संपली, निम्म्या सवलतीची २०२८-२९ ला संपतील. तोवर निर्यातीच्या नफ्यावर पडणारा कर १५ टक्केच राहतो, म्हणून ज्या कंपनीचे सगळे उत्पन्न सेझमधून येते तिला थांबणे परवडते. जिचे बाकीचे कारखाने देशातल्या बाजारासाठी चालतात तिला मात्र ३० आणि २२ टक्क्यांमधला फरक त्या सगळ्या नफ्यावर सोसावा लागतो, कारण पर्याय युनिटपुरता घेता येत नाही, अख्ख्या कंपनीसाठीच घ्यावा लागतो, आणि एकदा घेतला की मागे फिरता येत नाही.