उताऱ्यावरून टिपण कसें करावें?

केंद्रीय माध्यमिक मंडळाच्या अकरावीच्या इंग्रजीच्या पत्रिकेंत एक अपठित उतारा देऊन त्याचें टिपण करावयास सांगतात, व त्याच टिपणावरून सारांशहि लिहावयाचा असतो. पुष्कळ विद्यार्थी उताऱ्यांतील वाक्यें तोडून एकाखालीं एक लिहितात आणि त्यालाच टिपण समजतात. टिपण म्हणजे तोडलेलीं वाक्यें नव्हेत. उताऱ्यांतील मजकुराची ती नवी मांडणी होय. रीत इंग्रजीस व मराठीस एकच आहे, म्हणून ती आपल्याच जिल्ह्यांतील एका प्रसंगावर करून पाहूं. समजा, हा उतारा दिला आहे :

“जालना जिल्ह्यांतील जाफराबाद तालुक्यांत असई नांवाचें खेडें आहे. ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं तेथें मराठे व इंग्रज यांची लढाई झाली. मराठ्यांच्या बाजूस दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांचें मोठें घोडदळ, कवायती पायदळ व सुमारें शंभर तोफा होत्या. इंग्रजांचा सेनापति आर्थर वेलस्ली याच्यापाशीं सैन्य फार थोडें होतें. हाच पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. केळणा नदीला जवळपास उतार नाहीं, असें वाटाड्यांनीं त्यास सांगितलें. परंतु दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन खेडीं त्याच्या दृष्टीस पडलीं. मध्यें उतार नसता तर अशीं खेडीं वसलीं नसतीं, असा त्यानें तर्क केला, व तो खरा ठरला. नदी ओलांडून तो केळणा व जुई या नद्यांमधील भूमींत शिरला. मराठ्यांनीं आपली फळी त्याच्याकडे वळविली आणि तोफांचा भयंकर मारा केला. अखेर इंग्रज जिंकले. परंतु त्यांच्या फौजेचे सुमारें १,५८० लोक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. मराठ्यांच्या ९८ तोफा त्यांच्या हातीं लागल्या.”

प्रथम उतारा एकदां हातांत लेखणी न घेतां वाचावा. दुसऱ्या वाचनाच्या वेळीं प्रत्येक वाक्याला विचारावें, ‘तूं कोणत्या प्रश्नाचें उत्तर आहेस?’ पहिलीं दोन वाक्यें ‘कोठें व केव्हां?’ याचें उत्तर देतात; पुढचीं दोन ‘कोण कोणाशीं?’ याचें. उताराची हकीकत ‘नदी कशी ओलांडली?’ हें सांगते आणि शेवटचीं वाक्यें ‘पुढें काय झालें?’ हें सांगतात. हे चार प्रश्न म्हणजेच आपलीं चार उपशीर्षकें. मुख्य शीर्षक मात्र सर्वांच्या शेवटीं द्यावें. आधीं दिल्यास पुष्कळदां तें पहिल्याच वाक्याचें शीर्षक होऊन बसतें.

एक वाक्य या चारांपैकीं कशाचेंच उत्तर देत नाहीं. वेलस्ली पुढें ड्यूक झाला, ही गोष्ट खरी आहे, मनोरंजकहि आहे. परंतु ती या लढाईची हकीकत नव्हे. ती गाळावी. काय ठेवावें याची कसोटी मजकुराची गोडी नव्हे, शीर्षकाशीं त्याचें नातें ही होय.

आतां उपमुद्दे. शीर्षकें व उपमुद्दे नामरूपानें लिहावे, पूर्ण वाक्यें करूं नयेत. एका शीर्षकाखालीं निदान दोन उपमुद्दे असावे. एकच उरला तर तो जवळच्या शीर्षकांत मिळवावा, कारण ज्याची विभागणीच झाली नाहीं त्याला वेगळें घर कशाला?

संक्षेप सर्वांच्या मागून करावे. आपल्या भाषेला ते नवे नाहींत. वडील मंडळींच्या पत्रांत ‘सा. न. वि. वि.’ व ‘मु. पो.’ नेहमींच असत. मराठींत संक्षेप करतांना पहिलें अक्षर त्याच्या काना-मात्रेसह घेऊन पुढें टिंब देतात. पण येथें एक खड्डा आहे. ‘ता.’ म्हणजे तारीख, ‘ता.’ म्हणजे तालुका, आणि पत्राच्या शेवटीं ‘ता. क.’ म्हणजे ताजा कलम! आपल्या उताऱ्यांत तारीख व तालुका दोन्ही आहेत. म्हणून एकाला ‘ता.’ व दुसऱ्याला ‘तालु.’ लिहावें. एका टिपणांत एका संक्षेपाला एकच अर्थ असावा, आणि जे संक्षेप सर्वमान्य नाहींत त्यांची सूची खालीं द्यावी. प्रत्येक शब्द तोडण्याचेंहि कारण नाहीं. जो शब्द एकदांच येतो तो सबंध लिहिलेला बरा.

तयार टिपण असें दिसेल :

असईची लढाई (१८०३)

१. स्थळ व काळ
 १.१ असई, तालु. जाफराबाद, जि. जालना
 १.२ ता. २३ सप्टें. १८०३

२. दोन्ही पक्ष
 २.१ म. : शिंदे + भोसले, मोठें घोडदळ, कवायती पायदळ, सु. १०० तोफा
 २.२ इं. : वेलस्ली, सैन्य फार थोडें

३. नदी ओलांडणें
 ३.१ वाटाड्यांचें म्हणणें : के. नदीस उतार नाहीं
 ३.२ वे.चा तर्क : समोरासमोर २ खेडीं, म्हणून उतार असणार (खरा ठरला)
 ३.३ के. व जुई यांमधील भूमींत प्रवेश

४. लढाई व परिणाम
 ४.१ म. फळीचें वळण; तोफांचा मारा
 ४.२ इं. जय, हानि सु. १,५८० (मृत + जखमी + बेपत्ता)
 ४.३ म. तोफा ९८ इं. हातीं

संक्षेपसूची : म. = मराठे, मराठ्यांचा; इं. = इंग्रज, इंग्रजांचा; के. = केळणा; वे. = वेलस्ली; सु. = सुमारें.

यांत दोन ठिकाणीं हमखास चूक होते. पहिलें ३.१. विद्यार्थी घाईनें ‘के. नदीस उतार नाहीं’ एवढेंच लिहितो. उताऱ्यांत हें विधान आहे खरें, पण तें वाटाड्यांचें आहे, आणि पुढच्याच वाक्यांतील ‘परंतु’ तें खोडून काढतो. ‘कोणी म्हटलें’ हें गाळतांच टिपण खोटें होतें. म्हणून ‘परंतु’, ‘तरीहि’, ‘नाहीं’ अशा शब्दांखालीं वाचतांनाच रेघ ओढावी. दुसरें ४.२. ‘१,५८० मेले’ असें लिहिल्यास शब्द वाचतात, पण जखमी व बेपत्ता झालेलीं माणसेंहि मारलीं जातात! येथें ‘हानि’ हाच शब्द योग्य, आणि ‘सु.’ हें अक्षरहि गाळावयाचें नाहीं.

टिपण साधलें कीं नाहीं, हें घरींच ताडून पाहतां येतें, आणि या कामीं पालकांचें साह्य फार उपयोगी पडेल. उतारा बाजूला ठेवावा व ज्यांनीं तो वाचलेला नाहीं अशा आईच्या किंवा वडिलांच्या हातीं नुसतें टिपण द्यावें. त्यांनीं तेवढ्यावरून हकीकत सांगावी. वेलस्लीनें उतार कसा ओळखला, हें त्यांना सांगतां आलें तर टिपण पुरें झालें. एखाद्या संक्षेपापाशीं त्या अडखळल्या किंवा ते थांबले, तर तो संक्षेप बदलावा. आणि ‘असें कां झालें?’ असा प्रश्न त्यांना पडला, तर दोन उपमुद्द्यांतील दुवा गळाला आहे असें समजून पुन्हां उताऱ्याकडे जावें.