बाईंचा आवाज रोज दुपारी का बसतो? स्वरतंतूंवरच्या गाठी आणि व्हॉइस थेरपी
(भागाचं संपादित लेखी रूप)

[००:००] सुरुवात

आजचा भाग आवाजाबद्दल आहे. तुमच्यापैकी कुणी डी.एड., बी.एड. करून नुकतंच शाळेत लागलं असेल, कुणी क्लासेसमध्ये शिकवत असेल, कुणी गाणं शिकत असेल. सकाळी ठीक असणारा आवाज दुपारपर्यंत घोगरा होतो, संध्याकाळी फक्त हवा बाहेर येते आणि आपण म्हणतो, "घसा बसलाय, होईल ठीक." सर्दीने बसलेला घसा आठवडा-दोन आठवड्यांत खरंच ठीक होतो. पण कधीकधी होत नाही. त्या 'कधीकधी'मध्ये काय घडतं, ते आज बघू.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण घेऊ. यातली व्यक्ती काल्पनिक आहे, पण अशा बाई तुम्हाला कुठल्याही शाळेत भेटतील. वय २९, शिक्षणसेवक म्हणून दुसरं वर्ष, चौथीचा वर्ग, पट ४८. पंखे खडखडतात, शेजारच्या वर्गातून पाढे ऐकू येतात. संध्याकाळी बाई गाण्याच्या क्लासला जातात, मध्यमा पूर्णच्या परीक्षेची तयारी चालू आहे. तीन महिन्यांपासून आवाज घोगरा आहे आणि तार सप्तकातला षड्ज लागतच नाही. आपण त्यांना नुसतं 'बाई' म्हणू.

[०१:३०] एका तासात सात लाख टाळ्या

गळ्याच्या पुढच्या बाजूला बोट ठेवून "आऽऽ" म्हणा. जे थरथरतं ते स्वरयंत्र. त्याच्या आत दोन स्वरतंतू असतात. 'तंतू' म्हटल्यावर सतारीच्या तारा डोळ्यांसमोर येतात, पण त्या खरं तर दोन मऊ घड्या आहेत. बायकांमध्ये त्यांची लांबी साधारण एक ते दीड सेंटिमीटर. वर पातळ त्वचा आणि खाली जेलीसारखा मऊ थर. फुप्फुसातली हवा खालून येते, या घड्या उघडतात आणि परत एकमेकींवर आपटतात. आपला आवाज म्हणजे या टाळ्या.

बाईंच्या साध्या बोलण्यात सेकंदाला साधारण २०० टाळ्या पडतात. शाळेच्या वेळेत थांबून-थांबून का होईना, त्यांनी एकूण एक तास आवाज काढला असं धरू. २०० गुणिले ३६०० सेकंद, म्हणजे ७ लाख २० हजार टाळ्या. आता वर्गात गोंगाट आहे, म्हणून त्या आवाज चढवतात. आवाज चढवला की पट्टीही नकळत वर जाते. समजा २५० झाली, तर त्याच एका तासात ९ लाख टाळ्या. आणि प्रत्येक टाळी आधीपेक्षा जोरात! म्हणजे मार दोन्हीकडून वाढला.

पुरुषांच्या घड्या लांब आणि जाड असतात, बोलताना सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा आपटतात. म्हणूनच या गाठी मोठ्या माणसांत बायकांनाच जास्त होतात. लहान मुलांत मात्र त्या मुलग्यांमध्ये जास्त दिसतात, कारण ती दिवसभर ओरडत असतात.

[०३:२०] गाठ बनते कशी?

नवीन माणसाने दिवसभर कुदळ मारली तर तळहाताचं काय होतं? आधी लाल होतं, सुजतं. थांबला तर बरं होतं. पण रोज मारत राहिला तर तिथे घट्टा पडतो. स्वरतंतूंवर जवळपास हेच होतं.

घडीचा थरथरणारा जो भाग आहे, त्याच्या बरोबर मध्यावर आपटणं सगळ्यात जोराचं असतं. आधी तिथल्या जेलीच्या थरात पाणी साचून सूज येते. या टप्प्यावर आवाजाला आराम मिळाला तर सूज उतरते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बाईंचा आवाज सुधारतो आणि शाळा सुरू झाल्यावर पुन्हा बसतो. मार चालूच राहिला तर वरची त्वचा जाड होत जाते, आतला भाग घट्ट होतो आणि बारीक गाठ तयार होते. हीच नोड्यूल. टाळी दोन हातांनी वाजते, त्यामुळे गाठीही दोन्ही घड्यांवर समोरासमोर येतात.

आता गंमत बघा. मधे दोन गाठी टेकतात, त्यामुळे त्यांच्या पुढे आणि मागे फट राहते. वाळूच्या घड्याळाचा आकार असतो ना, तशी. फटीतून हवा निसटते, आवाज घोगरा आणि हवा मिसळलेला येतो. हळू आवाजात वरचे सूर लावायला घड्या पातळ आणि नाजूकपणे जुळाव्या लागतात. तेच जमत नाही, म्हणून गायकाला आधी वरचे हळुवार सूर सोडून जातात. मग माणूस काय करतो? जोर लावतो. जोर लावला की मार वाढतो, मार वाढला की गाठ वाढते. चक्र चालू.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. या गाठी म्हणजे कॅन्सर नाही. पण घोगरेपणाची इतर कारणंही असतात आणि नुसतं ऐकून ती ओळखता येत नाहीत. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. तंबाखू किंवा सिगरेट असेल, थुंकीत रक्त दिसत असेल, गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल, मानेला गाठ लागत असेल, तर तीन आठवडेही थांबू नका.

[०५:२०] तपासणीत काय बघतात?

डॉक्टर तोंडातून किंवा नाकातून एक बारीक कॅमेरा घालून घड्या बघतात. सेकंदाला २०० वेळा हलणारी गोष्ट डोळ्याला दिसणार कशी? त्यासाठी स्ट्रोबोस्कोपी वापरतात. आवाजाच्या वेगापेक्षा किंचित वेगळ्या वेगाने लुकलुकणारा प्रकाश टाकतात आणि घड्या स्लो मोशनमध्ये हलताना दिसतात. फट कुठे आहे, गाठ मऊ आहे की कडक, हे त्यातून कळतं. गाठ एकाच बाजूला असेल तर ती पॉलिप किंवा सिस्ट असू शकते आणि तिचे उपचार वेगळे असतात. गायिका अडेलच्या आवाजावर २०११ मध्ये शस्त्रक्रिया झाली, ती पॉलिपमुळे रक्तस्राव झाला म्हणून. तिला नोड्यूल्स नव्हत्या.

बाईंच्या दोन्ही घड्यांवर मऊ गाठी दिसल्या. डॉक्टरांनी त्यांना स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. तिथे एक सोपी चाचणी झाली, जी तुम्ही मोबाइलच्या स्टॉपवॉचवर करू शकता. दीर्घ श्वास घेऊन 'स्स्स' जितका लांबेल तितका लांबवायचा, मग 'झ्झ्झ'. 'स'ला घड्या थरथरत नाहीत, 'झ'ला थरथरतात. निरोगी गळ्यात दोन्ही वेळा जवळपास सारख्या येतात. बाईंचा 'स' १६ सेकंद आला आणि 'झ' फक्त ९. म्हणजे श्वास भरपूर आहे, पण तो घड्यांमधून निसटतोय. मात्र ही चाचणी फक्त इशारा देते, यावरून निदान होत नाही.

[०६:५०] थेरपीचे आठ आठवडे

थेरपी म्हटलं की लोकांना वाटतं, मौन पाळायला सांगतील. नोड्यूल्ससाठी मौन हा इलाज नाही. मौन सोडलं आणि बोलायची पद्धत तीच राहिली, तर गाठी पुन्हा येतात. थेरपीत बदलायची असते ती आपटण्याची पद्धत.

पहिला आठवडा हिशेबाचा. बाई दिवसातून किती वेळा ओरडतात, किती वेळा खाकरतात, ते मोजायचं. खाकरण्यात घड्या एकमेकींवर जोरात घासतात. त्याऐवजी पाण्याचा घोट किंवा आवंढा गिळायचा. इथे एक गैरसमज दूर करू. पाणी, मध, ज्येष्ठमध, खडीसाखर यातलं काहीच स्वरतंतूंना लागत नाही. ते अन्ननलिकेतून जातं. श्वासनलिकेत गेलं तर आपल्याला ठसका लागेल! घशाला बरं वाटतं, एवढंच. पाणी पिण्याचा फायदा होतो, पण तो शरीरात मुरल्यावर.

दुसऱ्या आठवड्यापासून स्ट्रॉ. ग्लासात पाणी घ्यायचं, स्ट्रॉचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवायचं आणि स्ट्रॉमधून "ऊऽऽ" म्हणत बुडबुडे काढायचे. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. पोरखेळ वाटतो, पण कारण पक्कं आहे. तोंडाकडची वाट अरुंद झाली की हवेचा दाब मागे फिरतो आणि घड्यांना किंचित अलग धरतो. घड्या थरथरतात, पण आपटतात हळू. गळ्यात ताण जाणवला किंवा गाल फुगले तर जोर जास्त होतोय असं समजायचं.

मग 'म्म्म'. ओठ मिटून गुणगुणायचं आणि ओठांवर, नाकाच्या हाडापाशी थरथर जाणवते का ते बघायचं. ती जाणवली की त्याच सुरात शब्दांकडे जायचं. आधी 'मामा', 'नमन', 'मनीमाऊ', मग छोटी वाक्यं, मग वर्गातली रोजची वाक्यं: "मुलांनो, वही काढा." सगळ्यात अवघड टप्पा हाच. खोलीत सगळ्यांना जमतं, गोंगाटात जुनी सवय परत येते. म्हणून थेरपिस्ट मोबाइलवर गर्दीचा आवाज लावून सराव करून घेतात.

वर्गातही बदल केले. "गप्प बसा!"च्या जागी टाळ्यांचा ठेका आला, ज्याला मुलांनी टाळ्यांनीच उत्तर द्यायचं. आणि कमरेला लावायचा छोटा माइक-स्पीकर आला. यात लाजायचं काही नाही. आवाजाचा त्रास असलेल्या शिक्षकांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माइक वापरणाऱ्यांचा त्रास स्पष्ट कमी झाला, पण नुसता काळजी घ्यायचा सल्ला मिळालेल्या गटात तसा फरक दिसला नाही.

गाण्याचं काय? तीन आठवडे तार सप्तक बंद. मध्य सप्तकात हळू गुणगुणणं चालू. गुरुजींशी बोलून पट्टी काळी पाचवरून काळी चारवर आणली, म्हणजे एक पूर्ण स्वर खाली. गुरुजींना पटायला वेळ लागला, पण वरचा षड्ज हळू आवाजात लागायला लागल्यावर पटलं.

[०९:४०] बरं झालं हे कसं कळतं?

रोज सकाळी एक रेकॉर्डिंग करा: खूप हळू आणि खूप वरच्या पट्टीत 'हॅपी बर्थडे'ची पहिली ओळ. आवाज सुरू व्हायला उशीर लागला, आधी नुसती हवा आली, तर सूज आहे. रोज ऐकलं की फरक कानाला कळतो. आठ आठवड्यांनी बाईंचा 'झ' १४ सेकंदांवर आला. पुन्हा कॅमेरा घातला तेव्हा गाठी लहान झाल्या होत्या, पूर्ण गेल्या नव्हत्या. तरी चालतं. घड्या नीट जुळल्या आणि दिवसभर आवाज टिकला, तर थोडी उरलेली गाठ त्रास देत नाही.

सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही. गाठी जुन्या आणि कडक असतील तर थेरपीने आवाज सुधारतो, पण गाठी फारशा हटत नाहीत. मग शस्त्रक्रियेचा विचार होतो. भूल देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली. त्यानंतर काही दिवस मात्र खरंच मौन, आणि पुन्हा थेरपी. कारण गाठ काढता येते, ओरडायची सवय काढता येत नाही.

स्पीच थेरपिस्ट कुठे मिळतात? मोठ्या सरकारी रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत कान-नाक-घसा विभागात विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्थाही आहे. हा भाग तुमच्या ओळखीतल्या एखाद्या बाईंना किंवा सरांना पाठवा. आणि त्यांनी माइक लावला तर मागच्या बाकावरून हसू नका. भेटू पुढच्या भागात!