प्रोग्राम घेतला, पण त्याचे धान घेतले का?

गोंदियाजवळच्या नागरा गावात तांदूळ आणि भातगिरणी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तांदूळ शिजवून खाता येतो, पण पेरला तर उगवत नाही. पेरायला धान लागते. संगणकाच्या प्रोग्रामचेही तसेच आहे. दुकानात चालणारी तयार फाईल, म्हणजे `.exe`, हा तांदूळ. प्रोग्रामरने लिहिलेला मूळ कोड हे धान. बदल करायचा तर धान हवे. आमचे बरेच व्यापारी बांधव मात्र पैसे मोजून फक्त तांदूळ घरी आणतात.

याचा फटका केव्हा बसतो ते पाहू. समजा, एका तांदूळ व्यापाऱ्याने ओळखीच्या मुलाकडून बिलाचा प्रोग्राम करून घेतला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा नोंदणीकृत ब्रँड नसलेल्या तांदळाच्या पिशवीवर कर नव्हता. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, छापील पिशवीवर ५ टक्के कर लागू झाला. मोकळा तांदूळ करमुक्तच राहिला. आता प्रोग्राममध्ये दर बदलायचा, आणि तो मुलगा पुण्यात नोकरीला गेलेला. दुसऱ्या कारागिराने कोड उघडला, तर दर कोडात दहा ठिकाणी लिहिलेला आणि कारण कुठेच लिहिलेले नाही. त्याने सगळीकडे शून्याचे पाच केले. झाले! मोकळ्या तांदळावरही कर लागला आणि जुने बिल पुन्हा छापले तर तेही नव्या दराने निघू लागले.

यावर उपाय सोपा आहे. दर कोडात न लिहिता वेगळ्या फाईलीत, लागू तारखेसह ठेवावा :

```
mal,pasun,dar
mokla,2017-07-01,0
pishvi25,2017-07-01,0
pishvi25,2022-07-18,5
```

बिलाच्या तारखेला जी ओळ लागू असेल तोच दर प्रोग्रामने घ्यावा. पुढे दर बदलला तर जुनी ओळ खोडायची नाही, खाली नवी लिहायची. हे काम दुकानातील मुनीमही करू शकतो.

प्रोग्रामसोबत `README` नावाची एक फाईलही घ्यावी. ती दोन-तीन पानांची पुरे. प्रोग्राम कोणत्या संगणकावर चालतो, आधी काय बसवावे लागते, सुरू कसा करायचा, बिलांची माहिती कोणत्या फाईलीत साठते, तिची प्रत कशी काढायची आणि ती प्रत परत कशी भरायची, एवढे त्यात क्रमाने असावे. कोडातील टिपांमध्ये काय केले यापेक्षा का केले ते लिहावे. 'येथे दर घेतला' या टिपेचा उपयोग नाही. '२५ किलोवरील पिशवी वेगळी, कारण २०२२ च्या नियमात मर्यादा २५ किलोची आहे' या टिपेने पुढच्या माणसाचा दिवस वाचतो.

हे सर्व खरोखर पुरेसे आहे की नाही, याची एक परीक्षा आम्ही सुचवितो. एखादा रिकामा संगणक घ्या. प्रोग्राम ज्याने लिहिला नाही अशा माणसाला बसवा. हातात फक्त कोड, `README` आणि माहितीची प्रत द्या. मूळ प्रोग्रामरने शेजारी बसावे, पण बोलू नये. गेल्या महिन्याचे एखादे बिल जसेच्या तसे निघाले तर सुपूर्दगी पुरी झाली. तो माणूस जिथे अडेल आणि मूळ प्रोग्रामरकडे बघेल, ती जागा `README` मध्ये राहून गेली आहे असे समजावे. शेवटचा हप्ता या परीक्षेनंतर द्यावा, आणि ही अट काम सुरू होण्यापूर्वी दोघांनी मान्य करावी, म्हणजे कारागिरावरही अन्याय होत नाही. त्यानंतर सर्व पासवर्ड बदलावे. वेबसाईटचे नाव आणि होस्टिंगचे खाते पहिल्यापासून व्यापाऱ्याच्याच नावे व मोबाईलवर असावे.

शेवटची गोष्ट कागदाची. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे संगणक प्रोग्राम हे साहित्यकृतीत मोडते. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्राम, वेगळा करार नसेल तर, मालकाचा होतो. पण बाहेरच्या कारागिराने ठेक्यावर लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला मालक सामान्यतः तो कारागीरच राहतो, पैसे पूर्ण दिले तरीही. हक्क लेखी आणि सहीनेच हस्तांतरित होतो. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षेच धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. म्हणून कामाचे नाव, मोबदला, मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहावे. कारागिराला आपली नेहमीची साधने दुसऱ्या कामात वापरायची असतील, तर तेही त्याच कागदावर नोंदवावे.

आमचे जे तरुण हे काम करतात त्यांनाही सांगणे आहे : गिऱ्हाईक अडकून राहावे म्हणून कोड दाबून ठेवू नका. दर बदलला की रात्री-बेरात्री फोन तुम्हालाच येतो, आणि दोन वर्षांनी आपलाच कोड आपल्यालाही वाचता येत नाही.