वास्तुशांतीचं आमंत्रण लिहिताना

नव्या घराची किल्ली हातात आली की मुहूर्त, गुरुजी आणि आचारी ठरवण्यात दिवस जातात आणि आमंत्रण राहतं शेवटी. मग दोन तारखांच्या गडबडीत कुणीतरी जुना मजकूर शोधतो, त्यातली तारीख आणि पत्ता बदलतो आणि नातेवाइकांना पाठवून देतो. असा मजकूर साधारण पुढीलप्रमाणे असतो.

“सप्रेम नमस्कार. आपणांस कळविण्यात येते की आम्ही चिंचवड येथे नवीन फ्लॅट घेणार आहोत. रविवार, 22 फेब्रुवारी रोजी वास्तुशांती केली आहे. सकाळी 9 वाजता पूजा होती व दुपारी 12.30 नंतर जेवण असेल. तरी आपण सहकुटुंब उपस्थित राहाल ही विनंती. वेळेवर यावे. येणाऱ्यांची संख्या कळवावी. आहेर आणू नये.”

माहिती सगळी आहे. तरीही सांगलीच्या आत्याबाईंनी हे वाचलं तर त्यांना प्रश्न पडेल, की घर घेतलंय की घ्यायचंय? आणि पूजा झाली असेल तर आता बोलावताय कशाला? घोळ क्रियापदांचा आहे, म्हणून दुरुस्ती तिथूनच करायची.

आमंत्रणात तीन प्रकारच्या गोष्टी असतात. काही घडून गेलेल्या, काही घडायच्या आणि काही समोरच्याकडून हव्या असलेल्या. प्रत्येकीचं क्रियापद वेगळं. फ्लॅटचा ताबा मिळाला आहे, तेव्हा ‘घेणार आहोत’ नव्हे, ‘घेतला आहे’. वास्तुशांती अजून व्हायची आहे, तेव्हा ‘केली आहे’ चुकीचं. ‘आयोजित केली आहे’ चालतं, कारण तिथे पूर्ण झालंय ते ठरवणं. मजकूर छोटा करताना ‘आयोजित’ गळतं आणि उरलेल्या वाक्यात पूजा उरकलेली असते. त्यापेक्षा घरात बोलतो तसं ‘ठेवली आहे’ म्हणावं. ‘पूजा होती’ हे बहुधा बोलण्यातून शिरतं. “पूजा नऊला ठरली होती” असं कुणी फोनवर सांगतं आणि लिहिताना ‘ठरली’ निसटतं. इथे ‘पूजा नऊला सुरू होईल’ हवं.

सगळ्यात फसवं क्रियापद म्हणजे ‘असेल’. पुढची गोष्ट म्हणून भविष्यकाळ, असा हिशेब लिहिणारा करतो. पण ‘जेवण असेल’ म्हटलं की मराठी कानाला त्यात अंदाज ऐकू येतो, ‘बाबा आत्ता ऑफिसात असतील’ म्हणतो तसा. ठरलेल्या कार्यक्रमासाठी आपण वर्तमानकाळच वापरतो: परवा लग्न आहे, रविवारी पूजा आहे. म्हणून ‘साडेबारानंतर जेवण आहे’ असं लिहिलं तर कुणालाच शंका येत नाही. काम सुरू होण्याची वेळ सांगायची असेल तर ‘सुरू होईल’, आणि ठरलेली गोष्ट सांगायची असेल तर ‘आहे’.

उरलं ‘उपस्थित राहाल ही विनंती’. हे दोन वाक्यांचं कलम आहे. आशा व्यक्त करायची तर ‘राहाल अशी आशा आहे’, आणि विनंती करायची तर ‘राहावे ही विनंती’. छापील पत्रिकेत ‘सहकुटुंब उपस्थित राहावे’ शोभतं, कारण तिथे सगळी भाषाच त्या थाटाची असते. घरच्या माणसाला मोबाइलवर लिहिताना ‘या’ हे एक अक्षर पुरतं. मात्र एकदा थाट ठरला की तो शेवटपर्यंत सांभाळावा. वर ‘आपण उपस्थित राहून आम्हांस उपकृत करावे’ आणि खाली ‘मस्त गप्पा मारू’ असं झालं, तर वाचणाऱ्याला दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखं वाटतं.

काळ दुरुस्त झाले तरी जिव्हाळा आपोआप येत नाही. ‘कळविण्यात येते की’ ही सोसायटीच्या नोटिशीची भाषा. पाणी बंद राहणार असल्याचं असं कळवतात. तिथे सांगणारा कुणीच नसतो. आमंत्रणात बोलावणारी माणसं दिसायला हवीत: आम्ही घर घेतलं, आम्हाला तुम्ही यायला हवे आहात. ‘वेळेवर यावे’, ‘संख्या कळवावी’, ‘आहेर आणू नये’ ही ओळीनं आलेली तीन फर्मानं झाली. यांतली प्रत्येक सूचना खरं तर गरजेची आहे, फक्त तिचं कारण सांगितलेलं नाही. आचाऱ्याला पानं सांगायची आहेत म्हणून आकडा हवा आहे, एवढं लिहिलं की तीच सूचना घरातलं बोलणं होते.

उलट टोकाला ‘जमल्यास यावे’ आणि ‘येणार असाल तर कळवा’ ही वाक्यं. लिहिणाऱ्याला ती सौजन्याची वाटतात, पण वाचणारा त्यातून ‘नाही आलात तरी चालेल’ एवढंच उचलतो. येण्याबद्दल खात्री धरावी आणि अडचण असेल तिथे सोय सांगावी. वयस्कर काकांना पहिला प्रश्न असतो जिन्याचा. तेव्हा लिफ्ट आहे हे लिहिणं कुठल्याही विशेषणापेक्षा आपुलकीचं असतं. परगावच्या माणसांना मुक्कामाचं विचारलं की निम्मं आमंत्रण झालं.

हे सगळं धरून तो मजकूर पुन्हा लिहू.

“सप्रेम नमस्कार. तुम्हा सगळ्यांच्या आशीर्वादानं आम्ही चिंचवडला घर घेतलं आहे. येत्या रविवारी, 22 फेब्रुवारीला वास्तुशांती ठेवली आहे. पूजा सकाळी नऊला सुरू होईल आणि साडेबारानंतर जेवण आहे. तुम्ही सगळे नक्की या. परगावहून येणाऱ्यांनी शनिवारीच या, राहायची सोय घरातच केली आहे. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे. किती जण येताय ते गुरुवारपर्यंत सांगा, म्हणजे आचाऱ्याला पानं सांगता येतील. आहेर मात्र आणू नका, तुम्ही आलात की आम्हाला सगळं मिळालं. वाट पाहतो.”

मजकूर फारसा वाढला नाही. खाली नावं लिहिताना घरातल्या वडीलधाऱ्यांची आधी घालावीत, कारण नातेवाइकांना बोलावणं त्यांच्याकडून येतं. पाठवण्याआधी तारीख आणि वार कॅलेंडरवर ताडून पाहावेत. जुन्या मजकुरात तारीख बदलली जाते आणि वार तसाच राहतो, ही नेहमीची चूक आहे. ‘येत्या रविवारी’ हेसुद्धा त्याच आठवड्यात पाठवणार असाल तरच ठेवावं. पंधरा दिवस आधी पाठवलं तर तेच वाक्य चुकीचा रविवार दाखवतं.

एकच मजकूर सगळ्यांना गेला तरी त्यावर प्रत्येक घरासाठी एखादी ओळ वेगळी जोडावी. तिथे संबोधन त्या नात्याचं असावं. ज्या मावशीला एरवी ‘तू’ म्हणतो, तिला ‘आपण’ लिहिलं तर ती रुसली नाही तरी बिचकेल: “मावशी, तू शनिवारीच ये, देवघर कुठे मांडायचं ते तुला विचारून ठरवायचं आहे.” मोठ्या काकांना मात्र ‘तुम्ही’च, आणि त्यांना मजकुरासोबत फोनही हवाच.

आदल्या दिवशीच्या आठवणीतही काळ सांभाळावा. “आमंत्रण पाठवलं होतं” अशी सुरुवात झाली की त्यातून तक्रार ऐकू येते. “उद्या भेटतोच आहोत, निघालात की फोन करा” असं लिहिलं, तर आठवणही होते आणि ज्याचं अजून ठरत नव्हतं तो बॅग भरायला घेतो.